कॅलेंडरवरच्या रेघा

आईबाबांनो, या वेळी आधी एक पत्र वाचू या. कडाव आणि कशेळेच्या मधल्या एका गावातल्या आईचं आहे. तिची परवानगी घेऊनच छापते आहे, नाव-गाव वगळून.

‘डॉक्टर मॅडम, सप्रेम नमस्कार. माझा मुलगा वीस महिन्यांचा आहे. भाऊबीज झाल्यावर आम्ही घरची अकरा माणसं गाडी करून अष्टविनायकाला निघालो. पहिल्या दिवशी महडचा आणि पालीचा गणपती केला, मग घाट चढून थेऊर, आणि मुक्काम मोरगावला. दुसऱ्या दिवशी मोरगाव, सिद्धटेक, रांजणगाव. रांजणगावला रात्री बाळाला तीन उलट्या झाल्या आणि पहाटेपासून पाण्यासारखे जुलाब सुरू झाले. ओझर आणि लेण्याद्री राहिले, आम्ही तसेच घरी परतलो.

उलट्या दोन दिवसांत थांबल्या, तापही गेला. जुलाब मात्र आज सव्वीस दिवस झाले तरी थांबत नाहीत. दिवसाला पाच वेळा, कधी आठ वेळा. शी पातळ, फेसाळ, आंबट वासाची. रक्त नाही. शीची जागा इतकी लाल झालीय की पाणी लागलं तरी किंचाळतो. पोट फुगतं, गुरगुरतं. आधी घरभर धावायचा, आता कडेवरून उतरत नाही.

दोन ठिकाणी दाखवलं. एकीकडे पाच दिवसांचं औषध दिलं, दुसरीकडे ते बदलून दुसरं दिलं. आशाताईंनी झिंकच्या गोळ्या दिल्या होत्या, पाच दिवस दिल्या, मग फरक नाही म्हणून मीच बंद केल्या. सासूबाई म्हणतात, बाहेरगावचं पाणी लागलं. शेजारच्या काकी म्हणाल्या, बेंबी सरकली आहे, म्हणून चोळून घेतलं. माझी आई म्हणते, दाढा येतायत. कुणी म्हणतं, माझंच दूध त्याला बाधतंय, ते तोडून टाक. तो अजून रात्री अंगावर पितो. मी तोडलं नाही, पण प्रत्येक वेळी पाजताना मनात येतं, मीच तर त्याला आजारी करत नाही ना?

मी त्याला जड काही देत नाही. साबुदाण्याची खीर, पातळ पेज, सफरचंदाचा रस. तेल-तूप पूर्ण बंद. जेवत नाही म्हणून दूध देते, आणि ताकद राहावी म्हणून ओआरएसचे तयार डबे. कापणीचे दिवस आहेत, मला शेतावरही जावं लागतं. तरी रोज किती वेळा शी झाली ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर रेघा मारून ठेवलंय. ते पान तुम्हाला दाखवू का?

आणि एक विचारायचं होतं. राहिलेले दोन गणपती करायचे आहेत, सासूबाईंचा नवस आहे. त्याला परत प्रवासाला न्यावं की नाही?’

पत्र मिळालं त्या दुपारीच मी तिला फोन केला. म्हटलं, ‘ते पान फाडून घेऊन ये. त्याची दुधाची बाटली आण, ओआरएसचा डबा आण आणि अंगणवाडीतलं वजनाचं कार्ड आण.’ दुसऱ्या दिवशी सकाळी सासू-सुना दोघी बाळाला घेऊन कर्जतला आल्या.

आधी वजन. सप्टेंबरच्या शेवटी अंगणवाडीताईंनी कार्डावर १०.३ किलो लिहिलं होतं. माझ्या काट्यावर ९.४ भरलं. जुलाब दोन आठवड्यांपेक्षा जास्त चालले की आम्ही त्यांना रेंगाळलेले जुलाब म्हणतो आणि तिथून पुढे प्रश्न बदलतो. सुरुवातीच्या दिवसांत भीती अंगातलं पाणी जाण्याची असते. चौदा दिवसांनंतर ती असतेच, शिवाय मूल झिजतंय का, हे बघावं लागतं. या बाळाचे डोळे खोल गेले नव्हते, जीभ ओली होती, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली की लगेच जागेवर जात होती. दंडाची पट्टी हिरव्यात होती, तेरा सेंटिमीटरच्या वर. म्हणजे दाखल करायची वेळ आली नव्हती. पण नऊशे ग्रॅम गेले होते आणि ते सोडून देण्यासारखं नव्हतं. कान बघितले, छाती ऐकली, लघवी तपासली, कारण लघवीतला किंवा कानातला जंतुसंसर्गही लहान मुलांचे जुलाब लांबवतो. तिथे काही सापडलं नाही.

मग ते पान टेबलावर पसरलं. प्रत्येक तारखेच्या चौकटीत पेन्सिलीच्या उभ्या रेघा. पहिले चार दिवस नऊ-दहा रेघा, पुढे सहा-सात. मध्येच चार चौकटी होत्या, त्यांत तीन-चारच रेघा. त्यानंतर एकदम आठ.

‘या चार दिवसांत काय केलं होतंस?’

ती थोडी थांबली. म्हणाली, ‘एका ठिकाणी सांगितलं होतं, वरचं दूध बंद करा. चार दिवस बंद केलं. पण तो रडायचा, काही खायचा नाही, वजन जाईल म्हणून परत सुरू केलं.’

‘किती देतेस?’

‘ही बाटली दिवसातून चार वेळा. म्हशीचं.’

बाटली दोनशे मिलीलीटरची, म्हणजे आठशे मिलीलीटर दूध. आणि ज्या दिवशी ते पुन्हा सुरू झालं, त्याच्या दुसऱ्याच दिवशी रेघा दुप्पट. पत्रातलं फेसाळ, आंबट वासाचं, लाल झालेली जागा, पोटातली गुरगुर, हे सगळं त्या चार चौकटींशी जुळत होतं. ही आई माझ्याकडे यायच्या आधीच अर्धं निदान भिंतीवर लिहून ठेवून आली होती.

काय झालं होतं ते सांगते. आपल्या लहान आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखे बारीक उंचवटे असतात. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचवणारा पाचक रस त्या उंचवट्यांच्या अगदी टोकाशी तयार होतो. रोटासारखा विषाणू शिरला की तो ही टोकं झडवून टाकतो. विषाणू आठवडाभरात जातो, उंचवटेही बुडापासून पुन्हा वर येतात, पण टोकावरचा पाचक रस सगळ्यात शेवटी परततो. तुमच्या शेतातलंच बघा. लावणीनंतर पुरात रोपं झोपली तर पाणी ओसरल्यावर ती उठतात, हिरवी दिसतात, म्हणून लगेच दाणा धरत नाहीत. तेवढ्या काळात मुलाच्या पोटात भरपूर दूध गेलं तर त्यातली साखर न पचता मोठ्या आतड्यात उतरते. तिथले जंतू ती आंबवतात. त्यातून वायू होतो म्हणून पोट फुगतं आणि शी फेसाळते. आम्ल होतं म्हणून आंबट वास येतो आणि कातडी सोलवटते. उरलेली साखर आपल्याकडे पाणी ओढते म्हणून शी पातळ होते.

बहुतेक मुलांत हे आठ-दहा दिवसांत आपोआप सावरतं. मग या बाळात का सावरलं नाही? याचं उत्तर दुसऱ्या पिशवीत होतं.

तिने ओआरएस म्हणून आणलेला तो डबा फळांच्या चवीच्या गोड पेयाचा होता. दुकानात मागितल्यावर ओआरएस म्हणून तोच हातात दिला गेला. मी मागची बारीक अक्षरं वाचून दाखवली. शंभर मिलीलीटरला अकरा ग्रॅम साखर. दोनशेचा एक डबा, दिवसाला तीन, म्हणजे सहासष्ट ग्रॅम साखर, चहाचे तेरा चमचे. आणि खऱ्या ओआरएसच्या अख्ख्या एक लिटरमध्ये ग्लुकोज असतं साडेतेरा ग्रॅम. त्यात ते गोडीसाठी नसतंच. मिठाला आतड्याच्या भिंतीतून आत घेऊन जायला जेवढं लागतं तेवढंच मोजून घातलेलं असतं, आणि मिठामागून पाणी आत जातं. साखर त्याच्या कितीतरी पट झाली की उलटा प्रकार होतो. किसलेल्या कैरीवर साखर घालून ठेवली की तासाभरात पातेल्यात पाणी सुटतं ना, तसं आतड्याला पाणी सुटतं. सासूबाई साखरांबा करणाऱ्या, त्यांना हे माझ्याआधी कळलं. त्यांनी डबा उचलून बाजूला ठेवला.

हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी कित्येक वर्षं या डब्यांविरुद्ध पाठपुरावा केला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात ‘ओआरएस’ शब्द वापरायला मनाई केली. नाव गेलं तरी दुकानात मागणारा आणि देणारा तेच शब्द बोलत राहतात. म्हणून खूण लक्षात ठेवा. खरं ओआरएस पावडरीच्या पुडीत असतं, त्यावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख असतो, पूर्ण पुडी तिच्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात घालायची असते, चव किंचित खारट लागते. आरोग्य केंद्रात आणि आशाताईंकडे ते फुकट मिळतं.

आणि तिसरी गोष्ट, उपाशीपोट. या बाळाला दिवसाला साधारण हजार कॅलरी हव्यात. पातळ पेज, साबुदाणा आणि रस यांतून त्याच्या निम्म्याही जात नव्हत्या. आतड्याची टोकं पुन्हा उगवायला प्रथिनं लागतात, स्निग्ध पदार्थ लागतात, झिंक लागतं. पोटाला विश्रांती म्हणून आपण नेमकं तेच काढून घेतो. मग ती टोकं भरत नाहीत म्हणून जुलाब थांबत नाहीत, आणि जुलाब थांबत नाहीत म्हणून आपण जेवण आणखी पातळ करतो. मला आमच्या भागात रेंगाळलेल्या जुलाबाची जी मुलं दिसतात, त्यांतली कितीतरी या फेऱ्यात अडकलेली असतात. मायेपोटीच अडकवलेली असतात, म्हणून ते बघवत नाही.

प्रतिजैविकांची दोन सत्रं झाली होती. रक्त पडत नसेल, ताप नसेल, तर साध्या जुलाबाला ही औषधं लागत नाहीत. विषाणूवर ती चालत नाहीत, आणि आतड्यातले चांगले जंतू मारून ती स्वतःच शी पातळ करतात. मी तिसरं लिहिलं नाही. जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या मोठ्यांच्या घरात पडलेल्या असतात, त्या मात्र लहान मुलाला चुकूनही देऊ नका. त्यांनी आतड्याची हालचालच बंद पडू शकते आणि मूल गंभीर होऊ शकतं.

शीची तपासणी केली. त्यातही एक अडचण असते, ती सांगते. डायपरमधली शी खरवडून दिली तर तिच्यातलं पाणी डायपरने आधीच शोषलेलं असतं आणि न पचलेली साखर त्या पाण्यातच असते. म्हणून लंगोटात प्लॅस्टिकचा स्वच्छ तुकडा घालायचा, त्यावरचा पातळ भाग डबीत घ्यायचा आणि तासाभरात प्रयोगशाळेत पोचवायचा. त्या दोघी कर्जतलाच थांबल्या म्हणून हे जमलं. अहवालात शी आम्लधर्मी आली, साखर उतरलेली दिसली. जिआर्डिया दिसला नाही.

जिआर्डियाचं नाव मुद्दाम घेतलं, कारण प्रवासानंतर लांबलेल्या जुलाबात त्याचा विचार करावाच लागतो. तो पाण्यातून येणारा सूक्ष्म परजीवी आहे. त्यात शी तेलकट, घाण वासाची होते, भांड्याला चिकटते. तो रोज शीतून पडत नाही, म्हणून एका तपासणीत दिसला नाही म्हणजे नाहीच, असं म्हणता येत नाही. वेगवेगळ्या दिवशी तीन नमुने लागतात. मी तिला सांगून ठेवलं होतं की पाच दिवसांत उतार पडला नाही तर पुन्हा तपासू. पाण्यात टाकायच्या क्लोरीनच्या थेंबांनी पुष्कळ जंतू मरतात, पण जिआर्डियाच्या कवचावर त्यांचा भरवसा नाही. पाणी खदखदून उकळलं की तो मरतो.

आता काय दिलं. वरचं दूध पिण्यासाठी बंद. त्याऐवजी घरच्या दह्याच्या दोन-तीन लहान वाट्या, कारण विरजणातल्या जंतूंनी दुधातली काही साखर आधीच खाल्लेली असते. अंगावरचं दूध चालू. ती ऐकत होती, तिचे डोळे भरून आले. म्हटलं, ‘अगं, तुझ्या दुधातही तीच साखर आहे, पण ते थोडं थोडं जातं, सहज पचतं आणि आतडं भरून यायला मदतच करतं. इतके दिवस त्याला ज्याने धरून ठेवलं ते तुझं दूध. तोडू नकोस.’

जेवणात खिमट. तांदूळ आणि मूगडाळ भाजून भरडायची, मऊ शिजवायची, मीठ-हळद घालायची. घट्टपणा असा की चमचा तिरका केला तरी ओघळू नये. पेज पोट भरते, पण तिच्यात पाणीच जास्त. एका वाटीला एक चहाचा चमचा खोबरेल किंवा तूप, वरून. जुलाबात तेल-तूप चालत नाही, ही समजूत आजींच्या मनात फार खोल होती. मी आग्रह धरला. शिवाय पिकलं केळं, उकडलेलं अंडं, कुस्करलेला वरणभात. दिवसातून सहा वेळा, लहान वाटी. रस, बिस्किटं, डबे सगळं बंद. पातळ शी झाली की खरं ओआरएस पन्नास ते शंभर मिलीलीटर, वाटी-चमच्याने. एक लिटर बनवलेलं चोवीस तासांत संपलं नाही तर ओतून टाकायचं. झिंकची २० मिलिग्रॅमची गोळी चमचाभर पाण्यात विरघळवून रोज एक, पूर्ण चौदा दिवस. झिंकचा गुण पाच दिवसांत रेघांत दिसेलच असं नाही, म्हणून ती मध्येच सोडू नये. लाल जागेवर साबण नको, कोमट पाण्याने धुऊन, कोरडी करून झिंक ऑक्साइडचं मलम.

बाटली मी हातात घेतली आणि बुचाची कड तिला दाखवली. रबराच्या घडीत काळी बारीक रेघ होती, ब्रश तिथे पोचतच नाही. प्रवासात ती रस्त्यातल्या नळाखाली विसळून पुन्हा भरली होती, हे तिनेच सांगितलं. बाटली घरी परत गेली नाही. तरी एक बोलले, ते तुम्हालाही सांगते. आजार दुसऱ्या रात्री सुरू झाला. अशा विषाणूंना अंगात शिरल्यापासून त्रास द्यायला दीड-दोन दिवस लागतात. म्हणजे तो निघायच्या दिवशी, कदाचित घरातूनच लागला असेल. मोरगावच्या पाण्याला आणि सूनबाईंना दोष देऊन उपयोग नाही. हे सासूबाईंकडे बघून म्हणावं लागलं.

पाचव्या दिवशी त्या आल्या. रेघा सातवरून चारवर. वजन जेमतेम साठ ग्रॅमने वाढलेलं, पण खाली जाणं थांबलं होतं. आठव्या दिवशी तीन रेघा, शी चिखलासारखी. नवव्या दिवशी घरात साखरपुडा होता, काकांनी हौसेने बासुंदी भरवली. दहाव्या दिवशी सहा रेघा. ती घाबरून फोनवर रडायला लागली. नवीन आजार नव्हता, टोकं अजून पुरती भरली नव्हती, एवढंच. दोन दिवसांत पुन्हा तीनवर आलं. तीन आठवड्यांनी वजन १०.१ झालं, तेव्हा म्हटलं, आता दूध सुरू कर, कपाने, अर्धा कप भाताबरोबर, आणि चार दिवसांनी थोडं वाढव. ही दुधाची ॲलर्जी नव्हे. जन्मभर दूध बंद करायचं कारण नाही.

सगळ्यांचं असंच नसतं. काही मुलांची शी दिवसाला चार-पाच वेळा पातळ होते, तिच्यात गाजराचे, मटाराचे तुकडे जसेच्या तसे दिसतात, पण मूल हुंदडत असतं, रात्री झोपेत शी होत नाही आणि कार्डावरची रेघ वर चढत असते. त्या मुलाचा फक्त रस आणि गोड कमी करायचं, तेल-तूप नीट द्यायचं आणि शांत राहायचं. उलट शीत रक्त दिसलं, सहा-सात तास लघवी झाली नाही, डोळे खोल गेले, मूल सुस्त पडलं, पाणीही उलटून पडू लागलं किंवा दोन्ही पाय सुजले, तर रेघा मोजत बसू नका. वाड्या-पाड्यांवर रात्री गाडी मिळत नाही, तेव्हा १०८ ला फोन करा किंवा उजेड असतानाच निघा. कशेळेचं ग्रामीण रुग्णालय, कर्जतचं उपजिल्हा रुग्णालय, चौकचं ग्रामीण रुग्णालय, जे जवळ असेल ते. वाटेत चमच्याने ओआरएस चालू ठेवा.

तिच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मी वजन वाढल्यावर दिलं. न्या त्याला ओझर-लेण्याद्रीला. भाजून भरडलेलं तांदूळ-मूगडाळीचं पीठ डब्यात घ्या, मुक्कामी गरम पाण्यात पाच मिनिटांत शिजतं. उकळलेलं पाणी घरून स्टीलच्या कळशीतून न्या. ओआरएसच्या दोन पुड्या, झिंकची एक पट्टी, वाटी, चमचा. केळं त्याच्यासमोर सोला. लेण्याद्रीला पायऱ्या पुष्कळ आहेत, बाळ कडेवर आणि पिशवी काकांकडे.